दोन्ही कंस एकाच बाजूला

व्हॅन रंगवून, म्हणजे व्हिनाइल चिकटवून तयार झाली आणि मालकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थोडी निराशा होती. "ताई, स्क्रीनवर फोन नंबर केवढा मोठा दिसत होता! गाडीवर तर शेवटी शेवटी बारीक झालाय."

मी जाऊन टेपने मोजलं. नंबर अगदी ठरल्याएवढा होता, मिलिमीटरचाही फरक नाही. छापणाऱ्याने फाइल बरोबर छापली होती, चिकटवणाऱ्याने बरोबर चिकटवली होती. चूक माझ्या मॉकअपमध्ये होती, म्हणजे गाडीच्या फोटोवर लोगो बसवून मंजुरीसाठी पाठवलेल्या त्या चित्रात. त्यात नंबर खरोखरच मोठा दिसत होता, कारण मी तो चुकीच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवला होता. मालकांनी गाडीला नव्हे, माझ्या चुकीला मंजुरी दिली होती.

चिकटवणारे दादा बाजूला उभे होते. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा मॉकअप हातात घेतला, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या चित्रात गाडीचं शेपूट मागे जातंय, पण अक्षरं मागे जायला तयार नाहीत."

इतकं नेमकं निदान मला कोणत्याही ट्युटोरियलमध्ये मिळालं नव्हतं.

मी केलं होतं ते बहुतेक जण करतात. व्हॅनचा तीन-चतुर्थांश कोनातला फोटो होता: पुढचं तोंड डावीकडे आणि जवळ, मागचा भाग उजवीकडे आणि दूर. बाजूचं पॅनेल वरच्या बाजूला आत झुकलेलं, म्हणजे वळणदार. वळण आहे म्हटल्यावर मी सरळ Photoshop मधलं Warp उघडलं, लोगोचे चार कोपरे ओढून पॅनेलवर अंदाजाने टेकवले, कडा जराशा फुगवल्या आणि काम झालं असं समजले. लांबून बघितलं तर छान. चार कोपरे जागच्या जागी, कडा गोलसर. आत काय झालंय ते दिसायला मला गाडी प्रत्यक्ष तयार व्हावी लागली.

Warp हे रबराच्या चादरीसारखं काम करतं. कोपरा ओढला की आतला भाग सगळीकडे साधारण सारख्या प्रमाणात ताणला जातो. कोणता कोपरा दूर आहे आणि कोणता जवळ, हे त्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी दूरची कड म्हणजे फक्त आखूड कड. पर्स्पेक्टिव्हमध्ये मात्र दूर जाताना उंची कमी होते तशी रुंदीही कमी होते, आणि तीही पायरीपायरीने. Distort ही दुसरी आज्ञा हे करते. चार कोपरे दिले की ती पर्स्पेक्टिव्हचं गणित लावते, सरळ रेषा सरळ ठेवते आणि आतल्या वस्तू दूर जाताना आवळत नेते. म्हणजे पर्स्पेक्टिव्ह आणि वळण ही दोन कामं आहेत आणि त्यांची अवजारंही दोन आहेत. मी दोन्ही एकाच अवजाराने उरकली होती.

फरक किती पडतो ते त्याच फोटोवर मोजून बघितलं. पॅनेल म्हणजे पुढच्या दारामागच्या फटीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंतचा पत्रा, ३०० सेंमी लांब. फोटोत त्याची जवळची कड ९०० पिक्सेल उंच होती, दूरची ६००. दोन्ही कडांमधलं अंतर १२०० पिक्सेल. आता ३०० सेंमीचा मध्य, म्हणजे १५० सेंमीची जागा, फोटोत कुठे येईल? मी पूर्वी डोळे झाकून ६०० वर म्हटलं असतं. ती येते जवळच्या कडेपासून ७२० वर.

हे काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. पॅनेलच्या चार कोपऱ्यांतून दोन कर्ण काढायचे. ते छेदतात तिथे खरा मध्य. कडा ९०० आणि ६००, म्हणजे ३ ला २, आणि कर्णांचा छेदही रुंदीचे ३ ला २ असेच भाग करतो: जवळचा अर्धा भाग ७२० पिक्सेल, दूरचा अर्धा ४८०. उंचीचं जे प्रमाण, तेच दोन अर्ध्या भागांचं प्रमाण. कॅमेरा सरळ धरलेला असेल आणि उभ्या रेषा फोटोत एकमेकींना समांतर असतील, तर एवढ्या एका नियमावर कुठलाही मॉकअप अर्ध्या मिनिटात तपासता येतो. मी हल्ली दुसऱ्यांचे मॉकअपही असेच तपासते. वाईट सवय आहे, पण रस्त्यावरच्या होर्डिंगमधल्या गाड्यांवरही मी मनातल्या मनात कर्ण काढत असते.

नंबराकडे परत येते. पॅनेलचे आठ सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग गाडीवर साडेसदतीस सेंमी. माझ्या Warp वाल्या मॉकअपमध्ये ते सगळे दीडशे-दीडशे पिक्सेलचे झाले होते. खऱ्या पर्स्पेक्टिव्हमध्ये सर्वांत जवळचा भाग २१२ पिक्सेल आणि सर्वांत दूरचा १०४. नंबर शेवटच्या भागांत होता. म्हणजे शेवटचे आकडे मी असायला हवेत त्याच्या जवळपास दीडपट रुंद दाखवले होते. मालकांची तक्रार शंभर टक्के खरी होती.

दुसरी गाडी त्याच मालकांची, त्याच बनावटीची होती. मॉकअप पुन्हा करायचा होता आणि या वेळी मी ठरवलं की लोगोला हात लावायचा नाही, आधी पॅनेल बसवायचं.

हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लोगोचे कोपरे फोटोत कुठेच नसतात, ते कुठे असतील याचा आपण अंदाज करत असतो. पॅनेलचे कोपरे मात्र फोटोत डोळ्यांसमोर असतात. म्हणून मी आधी गाडीच्या पत्र्याएवढ्या प्रमाणाचा एक सपाट कागद केला: ३०० बाय १४० सेंमी. ही १४० ची उंची टेप पत्र्यावर टेकवून, वळणावरून फिरवून मोजलेली. हवेतून सरळ मोजली असती तर थोडी कमी भरली असती, आणि व्हिनाइल तर पत्र्यावरून जातं, हवेतून नाही. या कागदावर लोगो, नाव, नंबर, सगळं गाडीवर जिथे यायचं तिथे सेंमीत मोजून ठेवलं. वरच्या लेयरवर दहा-दहा सेंमीच्या चौकटींची जाळी आखली. मग हा सगळा संच Smart Object केला, म्हणजे पुढे कितीही ओढाताण केली तरी मूळ शाबूत राहतं आणि आतला लोगो बदलला तरी बाहेरचं बसवलेलं हलत नाही.

मग Ctrl+T, आणि Distort ने त्या कागदाचे चार कोपरे पॅनेलच्या चार कोपऱ्यांवर. खालचे दोन चाकाच्या वरच्या पट्टीवर, वरचे दोन छताच्या पन्हाळीच्या खाली जिथे पत्रा संपतो तिथे. पॅनेल वर आत झुकलेलं असल्यामुळे वरचे कोपरे खालच्यांच्या बरोबर डोक्यावर आले नाहीत, थोडे डावीकडे आले. ते तसंच हवं. पूर्वी मी कड उभी करण्याच्या नादात तो झुकाव पुसून टाकत असे.

आता लोगो बघायचाच नाही, फक्त चौकट बघायची. सरकत्या दाराची मागची फट मी गाडीवर मोजून आणली होती: जवळच्या कडेपासून १३० सेंमी. फोटोत, खालच्या पट्टीवर मोजलं तर ती फट ६४० पिक्सेलच्या आसपास होती. माझ्या चौकटीची १३० ची रेषा ६४१ वर पडली. जुन्या पद्धतीने ती ५२० वर पडली असती, म्हणजे फटीच्या बरीच अलीकडे, दारावरच. एक ओळखीची खूण जागेवर बसली की बाकीचा पत्रा आपोआप बसलेला असतो. चार कोपरे तर आपण स्वतःच टेकवलेले असतात, त्यामुळे ते बरोबर दिसणारच. परीक्षा होते ती अशा पाचव्या खुणेवर.

आणखी एक खूण फुकट मिळाली. मोबाइल मी जमिनीपासून दीड मीटरवर धरला होता आणि पॅनेलची खालची कड ६० सेंमीवर आहे. म्हणजे पॅनेलवर ९० सेंमी उंचीची आडवी रेषा बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर. ती फोटोत चढायलाही नको, उतरायलाही नको. तिच्या खालच्या रेषा मागे जाताना चढतात, वरच्या उतरतात, आणि सगळ्या दूर एकाच व्हॅनिशिंग पॉइंटकडे निघालेल्या असतात. चौकटीत नव्वदची रेषा मोजपट्टीसारखी आडवी निघाली तेव्हा मला कोपऱ्यांची खात्री पटली. (ती जरा तिरकी निघाली असती तर पहिला संशय लेन्सवर घेतला असता. मोबाइलची वाइड लेन्स सरळ रेषाही वाकवते, आणि तो वाक पत्र्याचा समजून लोगोत घालणं यासारखी हमखास फसगत नाही. म्हणून गाडी लांबून, साध्या लेन्सने काढावी आणि खालच्या पट्टीवर सरळ रेषा ठेवून बघावं.)

आता वळण. इथे मी दोनदा चुकले, आणि दुसरी चूक जास्त मजेशीर आहे.

पहिली चूक जुनीच. गोलाई म्हटली की हात आपोआप डबा रंगवल्यासारखा चालतो: डावी कड डावीकडे फुगवायची, उजवी उजवीकडे. म्हणजे दोन कडा मिळून `( )` असा आकार होतो. पण डबा गोल असतो तो आडवा. व्हॅनचं पॅनेल आडवं जवळपास सरळ असतं, गोलाई असते ती उभ्या दिशेने, खालपासून वरपर्यंत. पत्र्याची एकच उभी कापणी समजा, आणि तीच कापणी पुढून मागे सरकवत नेली की पॅनेल झालं. त्यामुळे पुढच्या कडेचा, दाराच्या फटीचा आणि मागच्या कोपऱ्याचा वाक एकाच जातीचा आहे. फोटोत तिन्ही रेषांचं पोट एकाच बाजूला येतं: `) ) )`. माझ्या फोटोत ते उजवीकडे, म्हणजे दूरच्या बाजूला येतं, कारण पत्रा बाहेर फुगतो ती दिशा या कोनातून उजवीकडे दिसते. दोन्ही कंस एकाच बाजूला. हे एकदा लक्षात आलं की `( )` वाले मॉकअप बघवत नाहीत. लोगो गाडीवर नसून गाडीसमोर हवेत तरंगणाऱ्या उशीवर छापल्यासारखा दिसतो.

आणि या पॅनेलच्या आडव्या रेषा सरळच राहतात. अक्षरांची तळरेषा वाकवायची नाही. वाकतात ते उभे दांडे.

मग प्रश्न आला, वाकवायचं किती? अंदाज करायचा नाही असं ठरवलंच होतं. दाराची फट फोटोतच आहे. पेन टूलने ती फट गिरवली, तिची वरची आणि खालची टोकं सरळ रेषेने जोडली, आणि धनुष्याच्या दोरीपासून काठी किती दूर आहे ते मोजावं तसं मधलं जास्तीत जास्त अंतर मोजलं. २० पिक्सेल. खऱ्या गाडीवर हेच अंतर साधारण ६ सेंमी.

इथे माझी दुसरी चूक. फटीच्या जागी पॅनेल ७४० पिक्सेल उंच आहे आणि पोट २०. तेव्हा मी सरळ त्रैराशिक मांडलं: जवळची कड ९०० उंच, म्हणजे तिथे पोट २४. दूरची ६००, तिथे १६. दूर जाताना सगळंच लहान होतं, तसं पोटही लहान होईल. इतकं सरळ वाटलं की मी तपासणारही नव्हते. पण पुढच्या दाराची फट आणि मागचा कोपरा फोटोत दिसत होतेच, म्हणून सहज गिरवून बघितलं. जवळच्या कडेला पोट १८ निघालं. दूरच्या कडेला २१.

म्हणजे उलटच. उंची दीडपटीने कमी झाली आणि पोट मात्र वाढलं. मला वाटलं गिरवताना हात हलला. पुन्हा गिरवलं. तेच आकडे.

कारण कळायला मी गाडी वरून बघितल्यासारखी कागदावर काढली. कॅमेऱ्यापासून आत, सरळ खोलीत मोजलं तर पॅनेलची जवळची कड ४ मीटर आणि दूरची ६ मीटर. जवळच्या कडेकडे मी बघते ती नजर पत्र्यावर बरीचशी समोरून पडते, लंबापासून २६ अंशांवर. दूरच्या कडेकडे जाणारी नजर पत्र्याला घासत जाते, लंबापासून ५२ अंशांवर. पत्र्याचा फुगवटा बाहेरच्या दिशेने आहे. समोरून बघितलं तर तो आपल्याच डोळ्यांकडे येतो, म्हणून दिसत नाही. तिरकं बघितलं तर तोच बाजूने दिसतो. हाताचा पंजा जरासा वाकवून समोरून बघा, मग कडेने बघा. कडेने बघितल्यावरच वाक कळतो. म्हणजे दूरच्या टोकाला दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढत असतात: अंतरामुळे पोट लहान व्हायला बघतं आणि तिरकेपणामुळे मोठं. माझ्या फोटोत तिरकेपणा जरा वरचढ ठरला.

गाडी आणखी लांबून काढली असती, तर दोन टोकांकडच्या नजरांच्या कोनात एवढा फरक पडला नसता आणि त्रैराशिक बरंचसं खरं ठरलं असतं. पण बहुतेक फोटो जवळूनच काढलेले असतात, कारण समोर दुसरी गाडी उभी असते किंवा भिंत असते. म्हणून आता मी नियम लावत नाही, किमान दोन ठिकाणी मोजते. व्हॅनवर फटी भरपूर असतात, त्या जणू याचसाठी दिलेल्या आहेत.

मोजमाप हातात आल्यावर Warp. त्याच Ctrl+T मध्ये, Enter न दाबता, वरच्या पट्टीतल्या बटणाने Warp मध्ये गेले. दोन्ही कडा आहेतच, शिवाय दाराच्या फटीपाशी एक उभा छेद दिला, म्हणजे तिथेही पकडायला हँडल मिळाली. छेद दिला नाही आणि नुसत्या कडा ओढल्या, तर मधली अक्षरं कमीजास्त वाकून भलतीच दिसण्याचा धोका असतो.

इथे एक बारीकशी गंमत आहे. फटीची दोन्ही हँडल मी वीस-वीस पिक्सेल ओढली आणि रेषा वाकली पंधराच. ही रेषा बेझिए वक्र असते. ती हँडलपर्यंत जात नाही, फक्त त्यांच्याकडे झुकते, आणि दोन्ही हँडल सारखी ओढली तर मधोमध बरोबर पाऊणपट झुकते. म्हणजे वीस हवे असतील तर २७ ओढायचं. जवळच्या कडेला अठरासाठी २४, दूरच्या कडेला एकवीससाठी २८. अर्थात मी दोन्ही हँडल सारखी ठेवली नाहीत. या पत्र्याचा खालचा भाग जवळजवळ उभा आहे आणि वळण वरच्या भागात सुरू होतं, त्यामुळे पोट मध्याच्या जरा वर आहे. वरचं हँडल थोडं जास्त, खालचं थोडं कमी, आणि शेवटी गिरवलेल्या फटीवर रेषा बसेपर्यंत डोळ्याने. आकड्यांनी जवळ आणलं, शेवटचे दोन-तीन पिक्सेल हाताचेच.

उभे दांडे आता वाकले, पण एक गोष्ट राहिली होती, जी मला सगळ्यात उशिरा कळली. पत्रा वर आत झुकतो, तेव्हा तो आपल्यापासून तोंड फिरवतो. वरच्या टोकाला हा पत्रा उभ्यापासून साधारण २० अंश कललेला आहे. तेवढ्या कलण्यानेच दहा सेंमीची पट्टी सहा टक्क्यांनी आखूड दिसते, आणि ती माझ्या डोळ्यांच्या वर आहे, मी खालून बघते आहे, म्हणून आणखी थोडी. एकूण जवळपास दहावा हिस्सा. जवळच्या कडेला दहा सेंमीच्या चौकटी सरासरी ६४ पिक्सेल उंच यायला हव्यात, पण खरं तर खालच्या ६७ च्या आसपास आणि सर्वांत वरची ६० च्या आसपास. म्हणजे मधल्या आडव्या रेषा थोड्या वर सरकवायच्या, सगळ्यात वरची मात्र कडेलाच आहे. नाव खालच्या सपाट भागात असेल तर हे सोडून दिलं तरी चालतं. पन्हाळीखाली बारीक अक्षरांची ओळ असेल, तर ती फोटोत उगाच ताठ उभी राहिलेली दिसते.

रंग आणि चमक यांबद्दल थोडक्यातच, कारण त्यावर सगळेच बोलतात. पांढऱ्या गाडीवर Multiply लावलं की सावल्या लोगोतून दिसतात. पण पत्र्यावर पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब Multiply ने लोगोखाली जातं, आणि खऱ्या गाडीवर तेच प्रतिबिंब चकचकीत व्हिनाइलवर पडलेलं असतं. म्हणून उजळ पट्टा वेगळा काढून लोगोच्या वर, हलक्या हाताने पुन्हा ठेवावा.

आणि एक मत मांडतेच: गाडीवर Displace फिल्टर वापरू नये. तो फोटोतल्या उजेडअंधारावरून उंचवटे ठरवतो. मधला करडा म्हणजे जागचं हलू नको, काळं-पांढरं म्हणजे इकडे किंवा तिकडे सरक. सुरकुतलेल्या कापडावर हे छान चालतं, कारण तिथे सावली म्हणजे बहुधा खरंच घडी असते. चकचकीत पत्र्यावर गडद पट्टा म्हणजे खड्डा नसतो, समोरच्या झाडाचं प्रतिबिंब असतं. मी एकदा वापरला, तर नाव एका झाडाच्या आकारात लचकलं.

पत्र्यात दाबून काढलेली लांब कड असते, सरकत्या दाराची पट्टी असते. लोगो त्यांच्यावरून जात असेल तर तिथे अक्षर तुटून दोन-तीन पिक्सेल सरकलेलं दाखवावं, आणि त्याआधी मालकांना विचारावं की नावाचं अक्षर नेमकं त्या खाचेवर हवंच आहे का. दादांनी मला सांगितलेला नियम सोपा होता: "मागच्या कोपऱ्याच्या अलीकडे वीतभर जागा मोकळी सोडा. तिथे पत्रा मागे वळतो." त्या वीतभरात माझं सगळं गणित संपतं, कारण तिथे पत्रा आडवाही वाकतो आणि चौकटीच्या रेषा सरळ राहत नाहीत. या खेपेला मी नंबर तिथून वीस सेंमी अलीकडेच थांबवला.

छपाईला गेली ती फाइल अर्थात सपाटच होती, सेंमीत मोजलेली. त्यात ना पर्स्पेक्टिव्ह, ना वाक. गाडी स्वतःच गोल आहे, तिला आपण पुन्हा गोल करायचं नसतं. हे लिहायची गरज वाटू नये, पण वाकवलेला लोगो छापायला पाठवल्याची गोष्ट मी एकदा नव्हे, दोनदा ऐकली आहे.

दुसरी व्हॅन तयार झाल्यावर मी पुन्हा गेले. मोबाइल दीड मीटरवर धरला, पहिल्या फोटोतल्या जागी उभं राहायचा प्रयत्न केला आणि फोटो काढला. घरी येऊन तो मॉकअपवर ठेवला, पारदर्शकता अर्धी केली. नंबराचा शेवटचा आकडा चार पिक्सेल इकडे-तिकडे होता, आणि त्यातला निम्मा दोष माझ्या उभं राहण्याचा असावा. उभे दांडे दाराच्या फटीला धरून वाकत गेले होते. पन्हाळीखालची ओळ मात्र मॉकअपमध्ये सहा पिक्सेल खाली राहिली होती. मधल्या आडव्या रेषा मी वर सरकवल्या होत्या, पण पुरेशा नाही.

मालकांना या वेळी मी आधीच विचारलं, नंबर कसा वाटतोय. ते म्हणाले, "आता चित्रातच बारीक दाखवलात ना तुम्ही. गाडीवर थोडा मोठा करता येईल का?"

तिसऱ्या गाडीसाठी नंबर मागच्या टोकाकडून काढून दारावर आणला आहे. तिथे साडेसदतीस सेंमीला फोटोत १५० हून जास्तच पिक्सेल मिळतात.